शासकीय पुरवठ्याची निविदा: कागद आणि दर

नमस्कार, श्रोतेहो. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याला जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी ४०० लोखंडी बाक पुरवायचे आहेत, असं धरून आज बोलू या.

ऑनलाइन निविदेला बहुधा दोन लिफाफे असतात. पहिल्यात पात्रतेचे कागद, दुसऱ्यात फक्त दर. पहिल्यात बाकाची किंमत कुठेही दिसली, अगदी जोडलेल्या जुन्या कोटेशनवरसुद्धा, तर निविदा बाद होऊ शकते. दुसरा लिफाफा मग उघडतही नाही.

कागदांमध्ये सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो बयाणा रकमेच्या सवलतीत. उद्यम प्रमाणपत्र आहे म्हणजे बयाणा माफ, असं नसतं. बहुतेक निविदांत ही सवलत वस्तू स्वतः बनवणाऱ्यालाच मिळते. तुमच्या उद्यमवर व्यापार लिहिलेला असेल किंवा उत्पादनाच्या यादीत फर्निचरच नसेल, तर रक्कम सरळ भरून टाका. उलाढालीच्या दाखल्यावर सीएच्या सहीबरोबर १८ अंकी यूडीआयएन आहे ना, तेही बघून घ्या.

आता दर. बाक बनवायला साहित्य आणि मजुरीसह ३,२०० रुपये लागतात असं समजा. माल शाळेच्या दारात उतरवून द्यायचा असतो, आणि पाटण-जावळीच्या वाड्यांवर टेम्पो अर्धा रिकामा जातो. तापोळ्यापलीकडची शाळा असेल तर बार्जचा खर्चही आला. वाहतूक आणि हमाली सरासरी २६० धरा. बिल निघायला चार महिने लागले तर १२ टक्क्यांनी व्याज १४० च्या आसपास होतं. हमीच्या काळातल्या दुरुस्तीला ४० ठेवले, की खर्च ३,६४० वर जातो. त्यावर २९० नफा धरला, तर दर झाला ३,९३०.

इथे थांबून बीओक्यू, म्हणजे दर भरायचा एक्सेल तक्ता, नीट वाचा. दर जीएसटीसह मागितलाय की वगळून? फर्निचरवर १८ टक्के जीएसटी आहे. करासह मागितला असेल तर ४,६३७ रुपये ४० पैसे भरायचे. तिथे चुकून ३,९३० भरले, तर कर वजा जाता हातात ३,३३० उरतात. बाकामागे ३१० रुपये तोटा, म्हणजे ४०० बाकांना जवळपास सव्वा लाख. काम तुम्हालाच मिळेल, कारण दर सगळ्यांत कमी असेल; आणि माघार घेतली तर बयाणा जप्त होईल.

२ टक्के जीएसटी टीडीएस बिलातून कापला जातो, तो मात्र खर्चात धरू नका. तो तुमच्या रोख खतावणीत जमा होतो आणि पुढचा कर भरायला वापरता येतो. तो दरात चढवणारे विनाकारण महाग पडतात.

बीओक्यूच्या फाइलचं नाव बदलू नका, पोर्टल ती स्वीकारत नाही. दोन्ही लिफाफे अपलोड झाल्यावर 'Freeze Bid Submission' हे बटण दाबावंच लागतं. ते राहिलं तर निविदा दाखल होत नाही. बटण दाबल्यावर निविदा क्रमांकासह पोचपावती येते, ती छापून ठेवा. घड्याळ पोर्टलचं चालतं, म्हणून हे काम आदल्या दिवशीच उरका.