दोन वाट्यांमधलं यीस्ट

(दृश्य: शेजारी शेजारी दोन वाट्या. कॅमेरा दाण्यांच्या अगदी जवळ.)

डावीकडचे दाणे जाडसर आणि गोल आहेत. हे ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट. उजवीकडचे बारीक, लांबट, दोऱ्याचे तुकडे करावेत तसे. हे इन्स्टंट. जीव दोन्हींत तोच, फरक वाळवण्याचा. ॲक्टिव्ह ड्राय वाळताना दाण्याच्या बाहेरच्या पेशी मरतात आणि आतल्या जिवंत पेशींभोवती त्यांचं कवच बसतं. इन्स्टंट जास्त हळुवारपणे वाळवलेलं असतं, त्यामुळे त्यात जिवंत पेशी जास्त उरतात आणि दाणा पाणी पटकन शोषतो.

म्हणूनच इन्स्टंट कमी लागतं, ॲक्टिव्ह ड्रायच्या साधारण पाऊणपट. ७ ग्रॅमऐवजी ५ ग्रॅम घ्या, वरचा पाव ग्रॅम सोडून दिला तरी चालतो. उलट जायचं असेल तर इन्स्टंटच्या वजनात त्याचा तिसरा हिस्सा मिळवा.

(दृश्य: वजनकाटा, पीठ, पाण्याचं मापपात्र.)

समजा, कृतीत ५०० ग्रॅम पीठ, ३२० मिली पाणी आणि ६ ग्रॅम इन्स्टंट आहे, पण घरात सापडलं ॲक्टिव्ह ड्राय. मग ते ८ ग्रॅम घ्यायचं. भिजवायला लागणारं १०० मिली पाणी त्या ३२० मधूनच काढायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं: भिजवण्याचं पाणी वेगळं घेतात आणि पीठ हाताला चिकटलं की दोष यीस्टला देतात.

ते १०० मिली पाणी ४० अंश सेल्सिअसच्या आसपास हवं, म्हणजे बोटाला सुखद कोमट. त्यात चिमूटभर साखर, वर यीस्ट, आणि दहा मिनिटं थांबायचं.

(दृश्य: पाण्यावर हळूहळू चढणारा फेस.)

वर असा फेस आला तर यीस्ट जिवंत आहे. पाणी नुसतंच गढूळ राहिलं तर ते टाकून द्या, पीठ वाया घालवू नका. ६० अंशांचं पाणी यीस्ट मारतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. थंड पाण्याचा त्रास मात्र लक्षातच येत नाही. कोरड्या पेशीचं आवरण थंड पाण्यात नीट सांधत नाही आणि आतलं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य बाहेर झिरपतं. ते पिठाला ताण देणाऱ्या ग्लुटेनचे बंध सैल करतं. मळलेला गोळा पसरट आणि चिकट होतो, कितीही मळा.

इन्स्टंटला हा सोपस्कार लागत नाही. ते थेट कोरड्या पिठात मिसळायचं. डबा जुना असेल आणि शंका असेल, तरच थोडं पाण्यात टाकून पाहावं. फक्त बर्फासारखं गार पाणी त्यावर थेट ओतू नका, ग्लुटाथायोनची गोष्ट त्यालाही लागू आहे.

आणि ॲक्टिव्ह ड्राय न भिजवता पिठात घातलं तर? दाणे बारीक असतील आणि पीठ पुरेसं ओलं असेल, तर बहुधा चालून जातं, फुगायला थोडा जास्त वेळ लागतो. घट्ट पिठात मात्र काही दाणे विरघळत नाहीत.

(दृश्य: मळलेल्या गोळ्याचा काप, त्यात तपकिरी ठिपके.)

हे ठिपके तेच.