पदनाम कंपनीचे, कामाचे वर्णन आपले

श्रोतेहो, नमस्कार. चाकण, भोसरी, हिंजवडी किंवा खराडी, कोणत्याही भागातल्या कंपन्यांची पदनामे पाहिली तर एकीचे दुसरीशी जुळत नाही. एका ठिकाणचा 'डेप्युटी मॅनेजर' एकट्याने काम करणारा अभियंता असतो, तर दुसरीकडे 'ऑफिसर' म्हणवला जाणारा माणूस अख्खी शिफ्ट चालवतो. बाहेरच्या रिक्रूटरला ही अंतर्गत उतरंड ठाऊक नसते. अर्ज चाळताना तो पदनाम पाहतो आणि त्यावरूनच पातळीचा अंदाज बांधतो. हा अंदाज चुकू नये, पण आपल्याकडून खोटेही लिहिले जाऊ नये, यासाठी काय करावे, ते आज एका उदाहरणाने पाहू.

समजा, चाकणच्या एका वाहन-सुटे भाग कंपनीत एक बाई 'सीनियर एक्झिक्युटिव्ह, एससीएम' आहेत. एससीएम म्हणजे सप्लाय चेन मॅनेजमेंट, मालाच्या पुरवठ्याची व्यवस्था पाहणारा विभाग. शीटमेटल भागांचे पुरवठादार शोधणे, दर ठरवणे आणि खरेदी ऑर्डर काढणे हे त्यांचे काम आहे. पुरवठादार तीसेक आहेत, वर्षाची खरेदी सुमारे १८ कोटींची आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या ऑर्डरला त्यांची सही पुरते. हाताखाली दोन कनिष्ठ आहेत, मात्र त्यांचे अप्रेजल आणि रजा साहेबांकडे असते. 'एक्झिक्युटिव्ह' या शब्दाने बाहेरच्यांना त्या नवख्या वाटतात. म्हणून त्यांनी बायोडेटात सरळ 'परचेस मॅनेजर' असे लिहून टाकले.

इथेच घोटाळा होतो. नोकरी पक्की होण्याआधी किंवा रुजू झाल्यानंतर बहुतेक मोठ्या कंपन्या पार्श्वभूमी पडताळणी करून घेतात. पडताळणी करणारी संस्था आधीच्या कंपनीच्या एचआरला रुजू झाल्याची तारीख, शेवटचा दिवस आणि पदनाम विचारते. एचआर आपल्या नोंदीत आहे तेच कळवते, आणि अहवालात तफावत दिसते. काम खरेच मोठे होते, हे मग कितीही सांगितले तरी संशय उरतोच. शिवाय या बाईंच्या बाबतीत 'मॅनेजर' हा शब्द पूर्ण खराही नाही, कारण माणसांचे मूल्यमापन आणि मोठ्या रकमेची मंजुरी त्यांच्या हाती नव्हती.

म्हणून पदनामाच्या जागी नियुक्तिपत्रात किंवा शेवटच्या बढतीच्या पत्रात आहे तेच, अक्षरशः तसेच लिहावे. त्याच्या शेजारी कामाचे क्षेत्र बाजारात चालणाऱ्या शब्दांत द्यावे: 'सीनियर एक्झिक्युटिव्ह, एससीएम, कामाचे स्वरूप: सोर्सिंग व खरेदी, शीटमेटल भाग'. या जोडीत कामाचे नाव आहे, पण उसनी पायरी नाही. नोकरीच्या पोर्टलवर पदनामाचा रकाना वेगळा असतो. तिथे अधिकृत नावच टाकावे आणि 'सोर्सिंग', 'व्हेंडर डेव्हलपमेंट' असे शोधात उपयोगी पडणारे शब्द वरच्या शीर्ष-ओळीत आणि कौशल्यांत घालावेत. रिक्रूटर शोधतात ते याच शब्दांनी.

पातळी खरी कळते ती पुढच्या दोन-तीन ओळींत. आपण कोणाला रिपोर्ट करतो, त्या व्यक्तीच्या वर प्लांट हेडपर्यंत किती पायऱ्या आहेत, किती रकमेचा निर्णय आपण एकट्याने घेतो आणि माणसांच्या बाबतीत नेमका काय अधिकार आहे, एवढे तिथे सांगावे. या बाईंची ओळ अशी होईल: 'खरेदी विभागप्रमुखांना थेट रिपोर्टिंग, ५ लाखांपर्यंत ऑर्डर मंजुरी, दोन कनिष्ठांच्या दैनंदिन कामाचे मार्गदर्शन, मूल्यमापनाचा अधिकार नाही'. शेवटचे तीन शब्द लिहायला जीवावर येते, हे खरे. पण माझ्या मते सगळ्या बायोडेटात भरवसा देणारे शब्द तेच आहेत. पुरवठादारांची नावे आणि दर मात्र लिहू नयेत, ती कंपनीची गोपनीय माहिती असते. वर्षाच्या खरेदीचा आकडाही अंदाजे द्यावा.

उलट बाजूही असते. खराडीतल्या एखाद्या बँकेच्या तंत्रज्ञान केंद्रात 'असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट' ही एक श्रेणी असते आणि ते पद भूषवणारा पुष्कळदा अनुभवी प्रोग्रामर असतो. त्याने पद तेच लिहावे, पण शेजारी 'बँकेतील श्रेणी. काम वरिष्ठ सॉफ्टवेअर अभियंत्याचे' असे जोडावे, नाहीतर छोट्या कंपन्या 'हा आपल्याला परवडायचा नाही' म्हणून फोनच करत नाहीत.

पुनर्रचनेत केवळ नाव बदलले असेल, तर दोन्ही नावे तारखांसह द्यावीत आणि 'काम तेच' असे नमूद करावे, म्हणजे ती बढती वाटणार नाही. आणि संदर्भासाठी ज्या साहेबांचा नंबर देणार, त्यांना पातळीच्या त्या ओळी आधी वाचून दाखवाव्यात. 'यात मला काही खोडायचे नाही' असे ते म्हणाले, तरच अर्ज पाठवावा.