पेटी तीच, जोर तोच, मग एकदा हलते आणि एकदा का नाही?

[दृश्य: फरशीवर लाकडी पेटी. कडीला दोर बांधलेला, दोर तिरका वर गेलेला.]

मित्रा, तुझं गणित पाहिलं. २० किलोची पेटी दोराने तिरकी ओढली आहे, तिचं त्वरण काढायचं आहे, आणि तू पहिल्याच ओळीत लिहून मोकळा झालास: N = mg, म्हणजे फरशी पेटीला वर ढकलते ते बल N पेटीच्या वजनाइतकंच. पुढची आकडेमोड बिनचूक आहे. उत्तर मात्र चुकलंय, आणि चूक त्या पहिल्या ओळीतच आहे.

[दृश्य: पेटी वजनकाट्यावर. एक हात कडी धरून हलकेच वर ओढतो. काटा २० वरून १५ वर सरकतो.]

आधी हे बघ. g आपण १० धरू, म्हणजे पेटीचं वजन २०० न्यूटन. हाताने तिला ५० न्यूटन बलाने सरळ वर ओढलं. पेटी उचलली गेली नाही, पण काटा १५ वर आला. पृथ्वी तर पेटीला अजूनही २०० न्यूटननेच खाली खेचते आहे, वजन तसूभरही घटलेलं नाही. घटलं ते पेटी काट्याला दाबते ते बल, आणि तितकंच काटा पेटीला वर ढकलतो ते बलही. हेच अभिलंब बल, आपण ज्याला नॉर्मल म्हणतो. पृष्ठभाग जितका दाबला जातो, तितकाच तो उलट ढकलतो. वस्तूचं वजन किती हे त्याला ठाऊकच नसतं.

गोंधळ बहुतेक न्यूटनच्या तिसऱ्या नियमातून येतो. वजन ही क्रिया, नॉर्मल ही प्रतिक्रिया, म्हणून दोन्ही समान, असं आपण धरून चालतो. पण क्रिया आणि प्रतिक्रिया एकाच वस्तूवर कधीच नसतात, आणि ही दोन्ही बलं तर पेटीवरच आहेत. पृथ्वी पेटीला खाली ओढते, त्याची जोडी म्हणजे पेटी पृथ्वीला वर ओढते ते बल. फरशी पेटीला वर ढकलते, त्याची जोडी म्हणजे पेटी फरशीला दाबते ते बल. नॉर्मल कधी वजनाइतकं भरतंही, पण ते तिसऱ्या नियमामुळे नव्हे. उभ्या दिशेत दुसरं बल नसतं आणि त्वरणही नसतं, म्हणून.

[दृश्य: पुन्हा फरशी. दोर जमिनीशी ३० अंशांवर. पडद्यावर आकृती.]

आता तुझं गणित. ओढ १०० न्यूटन, कोन ३० अंश, घर्षण गुणांक ०.४, स्थितिक आणि गतिक दोन्ही सारखेच धरू. ओढीचे दोन घटक कर: आडवा ८६.६ न्यूटन, उभा ५० न्यूटन वरच्या दिशेने. पेटी वर-खाली होत नाही, म्हणून उभ्या बलांची बेरीज शून्य.

N = mg − F sin θ = 200 − 50 = 150

घर्षण १५० च्या ०.४ पट, म्हणजे ६० न्यूटन. आडवं उरतं २६.६ न्यूटन, त्याला २० ने भागलं की त्वरण सुमारे १.३३ मीटर प्रति सेकंद वर्ग. तू नॉर्मल २०० धरलंस, घर्षण ८० आलं आणि त्वरण ०.३३ निघालं. खऱ्याच्या चौथा हिस्सा!

[दृश्य: दोर सोडलेला. आता मागून काठीने पेटी ढकलली जाते, काठी तिरकी खाली टेकलेली.]

तीच पेटी आता तेवढ्याच १०० न्यूटनने, पण वरून तिरकी खाली ढकल. कोन तोच, ३० अंश. उभा घटक या वेळी फरशीकडे जातो, म्हणून नॉर्मल २५० न्यूटन. घर्षण जास्तीत जास्त १०० पर्यंत जाऊ शकतं, आणि आडवा जोर फक्त ८६.६. पेटी जागची हलत नाही. (इथे घर्षण १०० लिहू नकोस हं. पेटी स्थिर आहे, त्यामुळे घर्षणही ८६.६ च.) N = mg धरून ढकलण्याचं आणि ओढण्याचं उत्तर एकच येतं, ०.३३. समोर मात्र एक पेटी चालली आहे आणि एक अडून बसली आहे.

म्हणून सवय एकच लाव. आधी पेटीवरची सगळी बलं बाणांनी काढ, मग पृष्ठभागाला लंब दिशेत समीकरण मांड, आणि N त्यातून काढ. उतारावर तसंच केलंस की N = mg cos θ आपोआप येतं. लिफ्ट वर जाताना वेग घेत असेल, तर बेरीज शून्य न ठेवता ma इतकी ठेव, मग नॉर्मल वजनाहून जास्त निघेल.

[दृश्य: दोर ताणला जातो. पेटीखाली फट दिसू लागते.]

आणि कधी N ऋण आलं, तर चिन्ह पुसून पुढे जाऊ नकोस. याच दोरात ४०० न्यूटन ओढ दिलीस तर उभा घटक २०० होतो आणि नॉर्मल शून्य. त्यापुढे समीकरण ऋण आकडा देईल, पण फरशी पेटीला फक्त ढकलू शकते, चिकटवून धरू शकत नाही. त्या क्षणी पेटी फरशीवरून सुटलेली असते. नॉर्मलही नाही, घर्षणही नाही; उरतात फक्त दोर आणि वजन.