बाकला, तांबडी पेशी आणि मामाचं रक्त

मंडळी, आधी एक गैरसमज दूर करते. आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडे पावटा, वाल, घेवडा रोज शिजतो. मी बोलते आहे ते त्यांच्याबद्दल नाही. बाकला वेगळा. आखाती देशांत नाश्त्याला शिजवतात तो 'फूल', नि नमकीनच्या पाकिटात तळलेले मोठे चपटे दाणे असतात, ते बाकल्याचे.

समजा, खानापूरकडच्या एका घरात वडील दुबईहून सुट्टीवर आलेत. पाच वर्षांच्या मुलानं वाटीभर बाकला खाल्ला. दुसऱ्या दिवशी पोरगं मलूल, तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे आणि लघवी कोऱ्या चहासारखी. घरचे म्हणतात, कावीळ झाली, झाडपाल्याचं औषध आणू. पण इथे दुखणं यकृताचं नाही, रक्ताचं आहे. हिमोग्लोबिन बारावरून सहावर आलंय.

बाकल्यात व्हायसिन आणि कॉनव्हायसिन नावाचे पदार्थ असतात, कोवळ्या दाण्यांत जास्त. पोटात गेल्यावर त्यांच्यापासून डायव्हिसिन आणि आयसोयुरॅमिल तयार होतात. ही दोन्ही रक्तात ऑक्सिजनशी झटापट करून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवत राहतात. हे पेरॉक्साइड पेशीला घातक. पेशीतलं ग्लुटाथायोन हे रक्षक द्रव्य ते निकामी करतं, पण त्यात स्वतः खर्ची पडतं. त्याला पुन्हा उभं करायला एनएडीपीएच नावाचा मदतनीस रेणू लागतो.

इतर पेशींकडे एनएडीपीएच मिळवायच्या आणखी वाटा आहेत. तांबड्या पेशीत ना केंद्रक, ना मायटोकॉन्ड्रिया. तिची एकच वाट, आणि तिच्या दारावर जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम. जन्मतः ते कमी असेल तर ग्लुटाथायोन संपतं, हिमोग्लोबिनच्या गाठी होऊन पेशीच्या आवरणाला चिकटतात. पाणथरी त्या गाठी उचकटून काढते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कुणी चावा घेतल्यासारखी दिसते. बऱ्याच पेशी पाणथरीत मरतात. काही रक्तातच फुटतात, त्यांचं हिमोग्लोबिन लघवीत उतरतं आणि लघवी काळपट होते.

आता या एन्झाइमच्या तपासणीतली चूक. केंद्रक नसल्यामुळे पेशीला नवं एन्झाइम बनवता येत नाही, तिच्या १२० दिवसांच्या आयुष्यात ते घटतच जातं. म्हणून म्हाताऱ्या पेशी आधी फुटतात. मागे उरतात तरुण पेशी आणि हाडांतल्या मज्जेनं घाईनं सोडलेल्या नव्या, दोघींत एन्झाइम त्यातल्या त्यात जास्त. त्याच आठवड्यात तपासणी केलीत तर अहवाल 'नॉर्मल' येऊ शकतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, त्या कागदावर निर्धास्त होऊ नका. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

तोवर वाट बघायची नसेल तर मामाला बोलवा. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, मुलाला तो आईकडून येतो. मामालाही तो असण्याची शक्यता असते, आणि त्यानं बाकला खाल्लेला नाही. म्हाताऱ्या पेशी अजून शाबूत असल्यानं त्याचा अहवाल खरा येतो. मामा निर्दोष निघाला तरी मुलाची दुसरी तपासणी मात्र चुकवायची नाही.