सभागृहातली आणि पडद्यावरची हजेरी: दोन याद्यांतून एक आकडा

सभागृहात आणि ऑनलाइन अशा दोन्ही वाटांनी होणाऱ्या कार्यक्रमानंतर आयोजकाच्या हाती दोन याद्या येतात. एक दारावरच्या नोंदींची असते, दुसरी झूमच्या अहवालाची. या दोन्हींतल्या ओळी मोजून बेरीज केली की आकडा मिळतो, पण तो माणसांचा नसतो, नोंदींचा असतो. नोंदींवरून माणसांपर्यंत कसे जायचे, हे मी आज एका उदाहरणाने दाखवणार आहे. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातल्या अडचणी खऱ्या आहेत.

समजा, सायंकाळी ६ ते ८ व्याख्यान आहे. दारावर क्यूआर कोड स्कॅन झाल्याच्या ८४ नोंदी आहेत आणि झूमच्या अहवालात १६३ ओळी आहेत. सरळ बेरीज २४७ होते. सभागृहाची यादी तुलनेने सोपी असते. चहासाठी बाहेर जाऊन परत आलेल्या तिघांचे स्कॅन दोनदा झाले आहेत, ते वगळले की ८१ माणसे उरतात.

खरे काम ऑनलाइन यादीत आहे. नेट तुटून माणूस पुन्हा आत आला की नवी ओळ तयार होते आणि लॅपटॉपसोबत मोबाइलवरूनही जोडला गेला की आणखी एक. समजा, एका श्रोत्याच्या तीन ओळी अशा आहेत: लॅपटॉपवर ६:०२ ते ७:१०, मोबाइलवर ६:३० ते ७:२५ आणि पुन्हा लॅपटॉपवर ७:४० ते ८:००. कालावधींची बेरीज ६८, ५५ आणि २० मिळून १४३ मिनिटे येते, जेव्हा मुळात कार्यक्रमच १२० मिनिटांचा होता. कार्यक्रमापेक्षा जास्त वेळ हजर असलेला श्रोता यादीत दिसला, तर एकमेकांवर चढलेले कालखंड दोनदा मोजले गेले आहेत, असे समजावे. उपाय असा, की एका माणसाच्या ओळी `Join Time` च्या क्रमाने लावाव्यात आणि मागचा कालखंड संपण्याआधी पुढचा सुरू झाला असेल, तर दोन्ही जोडून एकच करावा. मग ६:०२ ते ७:२५ अशी ८३ मिनिटे आणि शेवटची २० मिळून १०३ मिनिटे होतात. त्याआधी प्रत्येक कालखंड कार्यक्रमाच्या वेळेपुरता छाटावा, म्हणजे साडेपाचपासून जोडून ठेवलेल्या पडद्याला जास्तीची मिनिटे मिळणार नाहीत.

अशा रीतीने १६३ ओळींची ९७ माणसे झाली. त्यांतली चार खाती आयोजकांची आहेत आणि त्यांतच सभागृहातून प्रक्षेपण करणारा संगणकही आहे. तो वगळायचा हमखास राहून जातो. उरलेल्या ९३ पैकी ११ जण दहा मिनिटांच्या आत निघून गेले, म्हणून ८२. दहा मिनिटांची ही मर्यादा कार्यक्रमाआधी ठरवून लिहून ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आकडा पाहून ठरवलेली मर्यादा आपल्याला हवा तोच आकडा देते.

आता दोन्ही याद्या जुळवायच्या. जुळवणी नावावर करू नये, कारण एकच आडनाव रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते आणि काहींचे नाव नुसते `iPhone` असे दिसते. नोंदणीच्या वेळी घेतलेल्या मोबाइल क्रमांकाचे शेवटचे दहा अंक किंवा ईमेल हाच भरवशाचा दुवा. तो झूमच्या नोंदणीतही घ्यावा लागतो, नाहीतर अहवालात जुळवायला काहीच मिळत नाही. आपल्या उदाहरणात नऊ जण दोन्हींकडे सापडले: कुणी सभागृहात बसून मोबाइलवर चित्रफिती जवळून पाहत होते, कुणी अर्ध्यावर उठून परतीच्या वाटेवर पुढचे ऐकत होते. म्हणून एकूण माणसे ८१ अधिक ८२ वजा ९, म्हणजे १५४.

तरीही ८२ पैकी सहा खात्यांची ओळख पटलेली नाही. ती सगळी आधीच मोजलेल्या कुणाची तरी दुसरी खाती निघाली, तर आकडा १४८ होईल. अहवालात म्हणूनच ‘१४८ ते १५४’ असे लिहावे. याउलट एका पडद्यासमोर बसलेले अख्खे कुटुंब यात एकच धरले जाते. त्याचा अंदाज बांधून आकडा फुगवू नये. हवे तर कार्यक्रम सुरू असतानाच ‘तुमच्यासोबत किती जण पाहत आहेत?’ असे विचारावे आणि उत्तर वेगळे नोंदवावे.

एक विषमता मात्र उरते. ऑनलाइन माणूस कधी गेला हे मिनिटागणिक कळते, दारावर फक्त येणे नोंदले जाते. पाच मिनिटांत उठून गेलेला श्रोताही त्या ८१ मध्ये आहे, तर ऑनलाइन असाच श्रोता आपण वगळला. यासाठी ठरलेल्या एका क्षणी, समजा ७ वाजता, सभागृहातली डोकी प्रत्यक्ष मोजावीत आणि त्याच मिनिटाला जोडलेली, आयोजकांची सोडून, ऑनलाइन माणसे अहवालातून काढावीत. सभागृहात ६८ आणि ऑनलाइन ६४ भरली, आणि ऑनलाइनपैकी तिघे सभागृहातच बसलेले असतील, तर त्या क्षणी १२९ जण ऐकत होते. हा आकडा १५४ च्या शेजारी, वेळेसह, वेगळ्या ओळीत द्यावा.