मागच्या खोलीतली थप्पी

नमस्कार श्रोतेहो. पेरणीचे दिवस जवळ आलेत, म्हणून आज बियाण्याच्या दुकानातली एक गोष्ट सांगतो. गोष्ट रचलेली आहे, माणसंही रचलेली आहेत. पण त्यातला पेच खरा आहे, आणि दर जूनमध्ये तो कुठल्या ना कुठल्या दुकानदारापुढे उभा राहतोच.

लातूर जिल्ह्यातलं एक बाजारचं गाव. तिथं गोविंदरावांचं कृषी सेवा केंद्र. त्या वर्षी त्यांनी सोयाबीनच्या ऐंशी पिशव्या आणल्या, तीस किलोची एक पिशवी, म्हणजे साधारण एका एकराचं बियाणं. चाळीस पिशव्या दुकानात लाकडी फळ्यांवर लागल्या. उरलेल्या चाळीस मागच्या पत्र्याच्या खोलीत गेल्या. ट्रक रात्री उशिरा आला होता, हमालांना घरी जायची घाई होती. पिशव्या वरून फेकत आणल्या आणि बारा-बाराची थप्पी मारून टाकली. गोविंदराव त्या रात्री लग्नाला गेले होते.

सोयाबीनचं बी फार नाजूक असतं. त्याचं साल पातळ, आणि कोंब त्या सालाच्या लगेच खाली. पिशवी आपटली की बाहेरून काही दिसत नाही, पण आत कोंबाला इजा होते. म्हणून सात-आठ पिशव्यांपेक्षा उंच थप्पी लावू नये म्हणतात. त्यात मे महिन्याचा पत्रा. त्या खोलीत दुपारी माणसाला उभं राहवत नाही, तिथं बियाणं महिनाभर पडून होतं.

जूनच्या सुरुवातीला त्या थप्पीतली एक पिशवी उंदरानं कुरतडलेली निघाली. सांडलेलं बी गोविंदरावांनी ओंजळीत घेतलं. काही दाण्यांची सालं सुटलेली, काहींची सरळ डाळ झालेली. तोवर त्या खोलीतल्या नऊ पिशव्या विकून झाल्या होत्या. त्यांनी मागची विक्री थांबवली आणि उगवण तपासायला घेतली.

ही तपासणी कुणालाही घरी करता येते. वरच्या, मधल्या, खालच्या पिशव्यांतून मूठ-मूठ बी घेऊन ते एकत्र केलं. त्यातले शंभर दाणे मोजले, चांगले-वाईट न निवडता, जसे हाताला येतील तसे. धुतलेलं गोणपाट ओलं करून त्यावर दहा-दहाच्या ओळी मांडल्या, वर दुसरं ओलं गोणपाट टाकलं, गुंडाळी करून सावलीत ठेवली आणि रोज पाणी शिंपडलं. अशा तीन गुंडाळ्या मागच्या थप्पीच्या, एक पुढच्या थप्पीची. सहाव्या दिवशी उघडल्या. पुढच्या थप्पीचे शंभरातले शहात्तर कोंब निघाले. मागच्या थप्पीचे बावन्न, एकोणपन्नास आणि एक्कावन्न. उगवण निदान सत्तर टक्के हवी, पिशवीच्या टॅगवरही तेच छापलेलं होतं.

त्याच रात्री पाऊस आला. सकाळी दुकान उघडायच्या आधीच बाहेर माणसं उभी होती.

दुकान सांभाळायला मेहुणा होता, सुधाकर. तो म्हणाला, ‘‘दाजी, सील आपण फोडलंय का? टॅग कंपनीचा, लॉट नंबर कंपनीचा. आपण फक्त पावती फाडतो.’’ पुढच्या आणि मागच्या पिशव्यांचा लॉट एकच होता, तेव्हा कागदावर दोन्हींत काडीचा फरक नव्हता. मग आवाज खाली आणून सुधाकर म्हणाला, ‘‘ज्याला दोन पाहिजेत त्याला एक पुढची देऊ, एक मागची. एक एकर दाट येईल, एक विरळ. तो म्हणेल रानच तसलं आहे.’’

माझं मन इथंच अडखळतं. कारण सुधाकरचं म्हणणं खरं ठरलं असतं. सोयाबीन उगवलं नाही तर कारणांना तोटा नसतो. बी खोल पडलं, पेरल्यावर पावसानं ओढ दिली, वर पपडी धरली, ओल कमी होती. शेतकरी आधी स्वतःलाच बोल लावतो, मग ट्रॅक्टरवाल्याला, मग आभाळाला. गोविंदरावांना खोटं बोलायची गरजच नव्हती. गप्प बसलं की झालं.

त्यांच्या मनात दुसरी पळवाटही येऊन गेली, आणि ती जास्त फसवी होती. उगवण कमी असेल तर बियाणं वाढवून पेरतात. पासष्ट टक्के असेल तर एकरी तीसऐवजी साडेबत्तीस किलो, साठ असेल तर पस्तीस. मग ‘यंदा जरा दाट पेरा’ एवढंच सांगून माल काढता आला असता, वर सल्ला दिल्याचं समाधानही मिळालं असतं. पण हा हिशेब साठपर्यंतच चालतो. त्याखाली गेलेल्या बियाण्यात जे उगवतं तेही अशक्त असतं, एक चांगली सर आली की मान टाकतं. गोविंदरावांना हे पक्कं माहीत होतं.

मागच्या खोलीत एकतीस पिशव्या उरल्या होत्या. प्रत्येकीची खरेदी बत्तीसशे रुपये. कंपनीच्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, साठवण तुमची, जबाबदारी तुमची. आणि त्याचं चूक नव्हतं.

गोविंदरावांनी खोलीला कुलूप घातलं. साठा रजिस्टरात ‘उगवण कमी, विक्री नाही’ असं लिहिलं. एकतीस पिशव्या विकायच्या नाहीत हे त्यातल्या त्यात सोपं होतं, कारण नुकसान फक्त त्यांचं होतं. अवघड होत्या त्या आधीच गेलेल्या नऊ. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं, विचारणारही नव्हतं. सांगितलं असतं तर आपल्या दुकानात खराब माल निघाला हे स्वतःच गावभर केल्यासारखं होणार. न सांगावं, तर पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी ओळी तुटक दिसणार, पंचनाम्यासाठी अर्ज होणार, समिती यायला आणखी दिवस जाणार, आणि सोयाबीन पेरायची वेळ जुलैच्या मध्याला सरते. लपवलेल्या प्रत्येक दिवसाची किंमत शेतकऱ्यानं भरायची होती.

पावतीपुस्तक काढलं. पाच नावं. चौघांच्या पिशव्या घरात तशाच होत्या, त्या संध्याकाळपर्यंत बदलून झाल्या. पाचवा बालाजी. त्यानं पावसाची वाट न बघता तुषारावर एक एकर पेरून टाकलं होतं, चार दिवसांपूर्वी.

गोविंदराव त्याच्या रानात गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बालाजीनं खुरप्यानं हातभर ओळ उकरली. नऊ दाणे सापडले. चारांना कोंब होता, बाकीचे बोटानं दाबले की मऊ पिठासारखे होत होते. आणखी दोन ठिकाणी उकरलं, तिथंही तीच गत.

‘‘पिशवी देताना का नाही बघितलं?’’ बालाजी म्हणाला. गोविंदरावांकडे उत्तर नव्हतं. पुढच्या थप्पीतली एक पिशवी त्यांनी सोबत आणली होती, ती बांधावर ठेवली. रान मोडून परत पेरायचं ट्रॅक्टरचं भाडंही दिलं. बालाजीनं पैसे मोजून घेतले. आभार मानले नाहीत, आणि ते मानायचं कारणही नव्हतं.

बियाण्याला औषध लावलेलं नव्हतं, म्हणून मागच्या खोलीतला आणि परत आलेला माल धान्य म्हणून लातूरच्या आडतीत गेला, किलोला खरेदीच्या निम्मा भावही न मिळता. सुधाकर आठवडाभर धड बोलला नाही. दुबार पेरलेलं सोयाबीन बालाजीला बरं आलं. पुढच्या खरिपाचं बियाणं मात्र त्यानं दुसऱ्या दुकानातून घेतलं.

नमस्कार.