सातव्या पावलाला ‘साठी’ नाही

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या भाचीच्या लग्नात मला चार मिनिटं बोलायचं होतं. त्या चार मिनिटांची तयारी करता करता एक ओळ मला नव्याने कळली. आज तुम्हाला तीच सांगायची आहे.

भाची आमची, आणि जावई ख्रिस्ती घरातले. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन दोघांनी आधीच नोंदणी केली होती, त्यामुळे कायद्याने ते नवराबायको झालेलेच होते. हिंदू विवाह कायद्यात, ज्यांच्या रीतीत सप्तपदी आहे त्यांचं लग्न सातवं पाऊल पडलं की पूर्ण होतं. इथे त्या पावलावर कायद्याचं काही अवलंबून नव्हतं. तरी भाचीला सप्तपदी हवी होती. ती म्हणाली, “मावशी, तू आयुष्यभर संस्कृत शिकवलंस. त्यात काय म्हणतात ते सगळ्यांना सांग. त्यांच्या आजीला कळलं पाहिजे.” मंडपात मराठी समजणारे जेमतेम निम्मे असणार होते. म्हणजे बोलायचं हिंदीत, आणि तेही सोप्या.

पहिला मसुदा मी एका बैठकीत लिहिला. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं संपत्तीच्या वाढीसाठी, असं सातपर्यंत. बहिणीला वाचून दाखवला. चौथ्या पावलाला तिचं लक्ष सुटलं, आणि दोष तिचा नव्हता. यादी वाचायला बरी, कानाला ती लवकर जड होते. शिवाय पाहुण्यांच्या डोक्यात सिनेमातले सात फेरे असतात. फेरे अग्नीभोवती घालतात. आपल्याकडची सप्तपदी म्हणजे तांदळाच्या सात राशी ओळीने मांडायच्या आणि नवरीने प्रत्येक राशीवर उजवं पाऊल ठेवत पुढे जायचं. दिशा ईशान्य. आश्वलायनाचं गृह्यसूत्र म्हणजे घरातल्या विधींचा जुना ग्रंथ, त्यात त्या दिशेला ‘अपराजिता’ म्हटलं आहे, जिंकली न गेलेली दिशा. हे सगळं सांगत बसले तर चार मिनिटं तिथेच संपतात.

म्हणून यादी बाजूला ठेवली आणि मंत्र पुन्हा म्हणून पाहिला. तुम्हीही ऐका.

इष एकपदी. ऊर्जे द्विपदी. रायस्पोषाय त्रिपदी. मायोभव्याय चतुष्पदी. प्रजाभ्यः पञ्चपदी. ऋतुभ्यः षट्पदी. सखा सप्तपदी भव.

ऐकताना काही खटकलं का? मला इतक्या वर्षांत कधी खटकलं नव्हतं. शाळेत विभक्ती पाठ केल्यात ना, त्यातली चतुर्थी आठवा. इषे म्हणजे अन्नासाठी. पुढच्या शब्दाशी संधी होऊन ते ‘इष’ ऐकू येतं. ऊर्जे, बळासाठी. रायस्पोषाय, संपत्तीच्या वाढीसाठी. मायोभव्याय, सुखासाठी. इथे थोडं थांबते, कारण हा शब्द ऐकून पुष्कळांना ‘माया’ आठवते. त्याचा मायेशी संबंध नाही. ‘मयस्’ म्हणजे सुख, त्यावरून तो आला आहे. प्रजाभ्यः, संततीसाठी. ऋतुभ्यः, ऋतूंसाठी, म्हणजे येणाऱ्या सगळ्या ऋतूंसाठी, बऱ्या आणि वाईट. सहाच्या सहा शब्द चतुर्थीत आहेत. प्रत्येक पावलाला एक ‘साठी’ आहे.

सातव्याला तो नाही. तिथे ‘सख्याय’, मैत्रीसाठी, म्हणणं सहज शक्य होतं. पण मंत्रात शब्द आला तो ‘सखा’, प्रथमा विभक्तीत. ‘सखा भव’, सखा हो. सहा पावलं काहीतरी मिळावं म्हणून टाकली. सातव्याला मागणं थांबलं आणि समोरच्या माणसाला हाक मारली. ‘सप्तपदी’ हा शब्दही इथे विधीचं नाव नाही. ते नवरीचं विशेषण आहे: सात पावलं चाललेली ती. माझ्याबरोबर सात पावलं चाललीस, आता सखा हो.

माझी चार मिनिटं मला इथे सापडली. सातातलं एकच पाऊल घ्यायचं आणि त्यातलेही तीनच शब्द.

पण ‘सखा’ नवरीला कसं म्हणायचं? ती तर सखी. हा प्रश्न व्याकरणकारांनाही पडला होता. पाणिनीचं एक सूत्र सांगतं की ‘सखी’ हे रूप भाषेत, म्हणजे रोजच्या बोलण्यात होतं. त्या सूत्रावर काशिका ही जुनी टीका आहे. ‘भाषेत’ असं मुद्दाम का म्हटलं, हे दाखवायला टीकाकार नेमकी आपली ओळ देतो: सखा सप्तपदी भव. वेदात स्त्रीलाही ‘सखा’च म्हणतात. रणांगणावर सोबत असणाऱ्याला वेदात जो शब्द आहे, तोच इथे नवरीला आहे. मला ते फार मोलाचं वाटतं.

आता भाषांतर. हिंदीत ‘मित्र बनो’ म्हटलं की ओळ पातळ होते. मांडवात उभ्या असलेल्या नवऱ्याने बायकोला नुसतं मित्र हो म्हणणं कानाला तोकडं लागतं. ‘सखा’च्या मुळाशी ‘सच्’ धातू आहे, त्याचा अर्थ सोबत असणं, सोबत जाणं. म्हणून मराठीत मी ‘सोबती’ घेतला आणि हिंदीत ‘साथी’. गंमत बघा, हा ‘सोबत’ आपल्याकडे अरबीतून आला, ‘सोहबत’वरून. आणि सच् धातूचं नातं लॅटिनमधल्या ‘सोशियस’ या शब्दाशी आहे. त्याचा अर्थ साथीदार, आणि त्यावरूनच इंग्रजीतला ‘सोसायटी’ आला. समोर नाना भाषा बोलणारे लोक बसणार होते. त्यांना सांगायला याहून जवळचं काय मिळणार होतं?

आदल्या संध्याकाळी हे सगळं मी जावयाच्या आजींना ऐकवलं. त्या पंच्याऐंशीच्या. डोळे मिटून शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, “और लड़की क्या बोलती है?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आश्वलायनाच्या पाठात नवरी काही बोलत नाही. इतकंच नव्हे, ‘सखा सप्तपदी भव’ च्या लगेच पुढे येतं: ‘सा मामनुव्रता भव’, माझ्या व्रताला अनुसरणारी हो. आणि त्यापुढे, आपल्याला पुष्कळ पुत्र मिळोत, ते दीर्घायुषी होवोत. सखा म्हणून हाक मारली आणि पुढच्या श्वासाला मागे चालायला सांगितलं. मी माझ्या भाषणात ही ओळ अलगद गाळली होती. आजींच्या प्रश्नाने ते माझं मलाच दिसलं.

रात्री गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, “ताई, तुमचा पाठ ऋग्वेदी. हिरण्यकेशींचा पाठ आठवतोय का?” आणि फोनवरच त्यांनी म्हणून दाखवला. हिरण्यकेशी ही यजुर्वेदाची एक शाखा, आणि महाराष्ट्रात तीही घराघरांत आहे. मी तो वाचलेला होता, पण या कामासाठी तो माझ्या मनात आला नव्हता.

सखायौ सप्तपदा बभूव. सख्यं ते गमेयम्. सख्यात् ते मा योषम्. सख्यान्मे मा योष्ठाः.

‘सखायौ’ हे द्विवचन. आपण दोघं सात पावलांनी सखे झालो. तुझं सख्य मला मिळो. तुझ्या सख्यापासून मी वेगळा न होवो. माझ्या सख्यापासून तू वेगळी न होवोस. शेवटच्या दोन वाक्यांत क्रियापद एकच आहे, वेगळं होणं, आणि दोन्हीकडे ‘मा’, म्हणजे नको. बदलतो तो फक्त पुरुष: एकदा मी, एकदा तू. आणि आधी ‘मी’ येतो. तू मला सोडू नकोस हे नंतर. मी तुला अंतर देऊ नये, हे आधी. हीसुद्धा म्हणायची नवऱ्यानेच, ते खरं. पण या ओळीत कोणी कुणाच्या मागे चालत नाही. शिवाय ‘योषम्’ आणि ‘योष्ठाः’ या रूपांत लिंग नसतं. त्यामुळे एक अक्षर न बदलता नवरीही ती म्हणू शकते.

गुरुजींनी आपणहून विचारलं, “दोघांकडून म्हणवून घेऊ?”

दुसऱ्या दिवशी गुरुजी राशी मांडत होते तेव्हा मी उभी राहिले. हिंदीत सांगितलं: सहा पावलं कशासाठी तरी आहेत, सातवं कशासाठीच नाही, ते माणसाला हाक मारतं. सखा, सोबत आणि सोसायटी यांच्याबद्दल सांगितलं. मग अनुव्रतेची ओळही अर्थासकट सांगितली. ती मंत्रात आहे, आमच्या आज्यापणज्यांनी ती ऐकली आहे, आणि आज ही दोघं तिच्या जागी दुसऱ्या शाखेची ओळ म्हणणार आहेत, कारण ती दोघांना सारखी म्हणता येते. कोणी नाराज झालं असेल तर ते मला कळलं नाही. माझ्या चुलतभावाने मात्र नंतर विचारलं, असं शाखा बदलून चालतं का. परंपरेत आपली शाखा सोडू नये असं म्हणतात, त्याची शंका रास्त होती. मी त्याला म्हटलं, विधी आपल्याच शाखेचा झाला, फक्त ही ओळ शेजारच्या घरून आणली. त्याला ते पूर्ण पटलं नाही आणि मीही ताणलं नाही.

पावलं सुरू झाली. मी मुद्दाम आजींच्या शेजारी बसले होते. प्रत्येक राशीला त्या पुटपुटत होत्या, “के लिए, के लिए.” सहाव्या राशीवर भाचीचं पाऊल टेकलं, अंगठ्याखालून थोडे तांदूळ बाजूला सरकले. आजींनी माझा हात धरला आणि सातव्याला त्या काहीच बोलल्या नाहीत.

जावयांनी ओळ म्हटली. ‘योषम्’ नीट आलं, ‘योष्ठाः’ला ते अडखळले, गुरुजींनी पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा म्हटलं. मग भाचीने म्हटली, न अडखळता, कारण रात्री अकरानंतर तिने ती माझ्याकडून फोनवर घोटून घेतली होती.

सातव्या पावलानंतर सूत्रात एक छोटी कृती आहे. मंडपात घाई असली की ती उरकली जाते. वधूवरांची डोकी एकमेकांजवळ आणायची आणि कलशातलं पाणी दोघांवर शिंपडायचं. गुरुजींनी ती निवांत केली. दोघं वाकली, कपाळाला कपाळ लागलं. पाणी भाचीच्या केसांवरून ओघळून जावयाच्या कानामागे उतरलं, आणि ते पुसायला आजी खुर्चीवरून उठल्या.